एका घरात दोन राउटर: डबल नॅट ओळखणे आणि कंपनीचा ओएनटी ब्रिज मोडला टाकणे

फायबर कनेक्शनसोबत कंपनी भिंतीवर बसवते तो डबा म्हणजे ओएनटी. त्याच्या पोटातला राउटर आणि तुमचा राउटर, असे दोघेही एकापाठोपाठ पत्ते बदलू लागले की ते डबल नॅट. ओएनटीने राउटरचे काम सोडून नुसता सिग्नल पुढे देणे म्हणजे ब्रिज मोड.

आधी लक्षणे. यातली दोन-तीन जुळली तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे.

- कॅमेऱ्यांचा डीव्हीआर घरात दिसतो, पण पोर्ट फॉरवर्ड करूनही, म्हणजे बाहेरून येणारी ठरावीक हाक त्याच्याकडे वळवूनही, बाहेरून उघडत नाही.
- गेमिंग कन्सोल `Double NAT`, `Strict` किंवा `NAT Type 3` दाखवतो. गेम चालतो, पण मित्राचा आवाज येत नाही किंवा लॉबीत शिरता येत नाही.
- प्रिंटर एका वायफायवर आहे आणि फोन दुसऱ्यावर. दोन्हीकडे इंटरनेट चालू आहे, तरी फोनला प्रिंटर सापडत नाही. टीव्हीवर कास्ट करतानाही हेच.
- नवा राउटर लावल्यापासून `192.168.1.1` टाकले की कधी एका डब्याचे पान उघडते, कधी दुसऱ्याचे.
- हे सगळे एकदा नीट झाले होते. लाइनमन येऊन गेला किंवा कंपनीने डबा बदलला, आणि परत सुरू झाले.

यात 'स्पीड कमी येतो' हे मुद्दामच लिहिलेले नाही. डबल नॅटमुळे स्पीड जाणवण्याइतका क्वचितच पडतो. व्हिडिओ अडकतो, बेडरूममध्ये रेंज येत नाही, रात्री नऊनंतर नेट रडते, एवढीच तक्रार असेल तर ब्रिज मोडने ती जाणार नाही. उलट चालू असलेले कनेक्शन बंद पडेल.

मुळात होते काय

फायबरचे कनेक्शन घेतले की कंपनी भिंतीवर एक डबा बसवते. पिवळी किंवा पांढरी बारीक फायबर वायर ज्यात जाते तो हा ओएनटी. बोलताना लोक त्याला मोडेम म्हणतात. आजचे बहुतेक ओएनटी नुसते मोडेम नसतात, त्यांच्या पोटात राउटरही असतो. फायबरवरचा सिग्नल उलगडणे, कंपनीकडे लॉगिन करणे, घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणे आणि वायफाय सोडणे, ही सगळी कामे तो एकटाच करतो. मग वायफाय पुरत नाही म्हणून आपण बाजारातून चांगला राउटर आणतो आणि त्याचा बाहेरच्या नेटसाठीचा वॅन पोर्ट ओएनटीच्या, घरातल्या उपकरणांसाठी असलेल्या लॅन पोर्टला जोडतो. तोही राउटरच असल्याने तोही पत्ते वाटायला लागतो.

पत्ते बदलण्याच्या या कामाला नॅट म्हणतात. घरातली दहा-पंधरा उपकरणे बाहेर एकाच पत्त्याने वावरतात, आणि कोणाचे उत्तर कोणाला द्यायचे याची नोंद राउटर ठेवतो. उत्तर त्याच नोंदीवरून परत येते, म्हणून साधे ब्राउझिंग दोन नॅट असले तरी विनातक्रार चालते. अडते ते बाहेरून आपणहून आत येणारे काही असले की. सोसायटीच्या गेटवर एक वॉचमन आणि विंगच्या दारात दुसरा, असे समजा. पाहुणा येणार हे तुम्ही विंगच्या वॉचमनला सांगून ठेवलेत, पण गेटवाल्याला सांगितलेच नाही. पाहुणा गेटवरूनच परत जातो आणि विंगच्या वॉचमनला त्याचा पत्ताही लागत नाही. डीव्हीआरचे पोर्ट फॉरवर्ड तुम्ही आतल्या राउटरवर केले, बाहेरच्या ओएनटीवर नाही. गोष्ट एवढीच आहे.

पहिली तपासणी: वायर कुठे लागली आहे

फुकट आणि एका मिनिटाचे काम. ओएनटीकडून आलेली लॅन केबल तुमच्या राउटरच्या कुठल्या भोकात आहे ते बघा. वॅन पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचा असतो आणि त्याच्या शेजारी `WAN` किंवा `Internet` छापलेले असते. केबल तिथे असेल तर डबल नॅटची शक्यता दाट. केबल लॅन पोर्टात असेल तर राउटर बहुधा नुसत्या स्विचसारखा वापरला जातोय आणि गोंधळ वेगळाच आहे. त्यावर पुढे येतोच.

याच वेळी फोन कुठल्या वायफायवर आहे तेही बघून घ्या. ओएनटीचे वायफाय आणि राउटरचे वायफाय ही दोन निरनिराळी जाळी आहेत. प्रिंटर ओएनटीच्या वायफायवर आणि फोन राउटरच्या, अशी वाटणी नकळत झालेली असते. सगळी उपकरणे एकाच वायफायवर आणली की प्रिंटर आणि कास्टिंगची रड तिथेच मिटते. तेवढेच हवे असेल तर बाकी काही करायला जाऊ नका.

दुसरी तपासणी: पत्ते मोजा

लॅपटॉप तुमच्या राउटरला जोडा, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे टाका:

```
tracert -d 8.8.8.8
```

मॅक किंवा लिनक्सवर:

```
traceroute -n 8.8.8.8
```

पहिल्या तीन ओळी पुरतात. साधारण असे दिसेल:

```
1    1 ms    1 ms    1 ms  192.168.0.1
2    2 ms    1 ms    2 ms  192.168.1.1
3    6 ms    5 ms    6 ms  100.72.0.1
```

पहिली ओळ तुमचा राउटर, दुसरी ओएनटी. एकापाठोपाठ दोन `192.168` आले म्हणजे घरातच दोन राउटर काम करताहेत. दुसऱ्या ओळीतल्या वेळेकडेही बघा. ती एक-दोन मिलिसेकंद आहे, म्हणजे तो डबा खोलीभर अंतरावरच आहे. तिसऱ्या ओळीपासून कंपनीचे जाळे सुरू होते.

आता राउटरच्या सेटिंगमध्ये `Status` किंवा `Internet` पानावर वॅनचा आयपी पत्ता वाचा. निकाल यावरच लागतो.

तो `192.168` ने सुरू होत असेल तर डबल नॅट नक्की. तो `100.64` ते `100.127` च्या दरम्यान असेल तर घरात एकच नॅट आहे आणि दुसरे कंपनीच्या इमारतीत आहे. हा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याच्या या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात. `10` ने सुरू होणारा किंवा `172.16` ते `172.31` मधला पत्ता दोन्हीकडे सापडतो, म्हणून तेव्हा ओएनटीचा स्वतःचा पत्ता काय आहे ते पाहून ठरवा. यांपैकी काहीच नसेल तर बाहेरून जग तुम्हाला कोणत्या पत्त्याने ओळखते ते विचारा:

```
curl -4 ifconfig.me
```

हा पत्ता आणि राउटरचा वॅन पत्ता तंतोतंत एक असतील तर नॅट एकच आहे, तेही तुमच्याच राउटरचे. मग डीव्हीआर उघडत नसण्याचे कारण दुसरीकडे शोधा.

आता ओएनटीच्या पानावर जाऊन त्याचाही वॅन पत्ता बघा. बरेच जण ही पायरी गाळतात आणि नंतर पस्तावतात. समजा राउटरचा वॅन पत्ता `192.168.1.5` आहे आणि ओएनटीचा `100.72.14.9`. म्हणजे तुमच्याकडे दोन नाही, तीन नॅट आहेत. ब्रिज मोडने मधले एक जाईल. कंपनीचे राहणारच, आणि डीव्हीआर बाहेरून तरीही उघडणार नाही. त्याला इलाज म्हणजे कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा आणि फक्त तुमचा असा सार्वजनिक पत्ता घेणे, किंवा डीव्हीआर बनवणाऱ्याच्या क्लाउड ॲपवरून कॅमेरे बघणे. हे आधी कळले तर अर्धा दिवस वाचतो.

तिसरी तपासणी: दोघांचा पत्ता एकच तर नाही

ओएनटी `192.168.1.1` वर आणि राउटरही `192.168.1.1` वर असेल तर राउटरला आत-बाहेर कळेनासे होते. वॅनला पत्ता मिळत नाही, किंवा मिळतो पण पुढे काही जात नाही. काही नवे राउटर हा तंटा स्वतःच ओळखून `192.168.0.1` वर सरकतात. जुने सरकत नाहीत. राउटरच्या `LAN` पानावर पत्ता `192.168.50.1` असा काहीतरी वेगळा द्या, राउटर रीस्टार्ट करा आणि लॅपटॉपचे वायफाय बंद-चालू करा. डबल नॅट याने जात नाही, पण 'कधी चालते, कधी नाही' हा प्रकार थांबतो.

बहुतेक घरांनी इथेच थांबावे: ॲक्सेस पॉइंट मोड

दोन नॅट नको असतील तर दोघांपैकी एकाने राउटरगिरी सोडायची. ती ओएनटीनेच सोडली पाहिजे असे नाही. तुमच्या राउटरने सोडली तरी चालते, आणि त्यासाठी कंपनीला फोनही करावा लागत नाही. नवा राउटर फक्त चांगल्या वायफायसाठी आणला असेल तर हाच खरा उपाय. ब्रिज मोडच्या मागे लागलेल्या दहांपैकी बऱ्याच जणांना ब्रिज मोडची गरजच नसते.

राउटरच्या `Operation Mode` किंवा `System` मध्ये `Access Point` असे असते. ते निवडून सेव्ह करा, झाले. राउटर आता पत्ते वाटणार नाही, ओएनटीकडून स्वतःसाठी एक पत्ता घेईल आणि नुसते वायफाय सोडेल. सगळी उपकरणे ओएनटीच्या एकाच जाळ्यात येतात. पोर्ट फॉरवर्ड करायचे तर आता ते ओएनटीवर करायचे.

राउटर जुना असेल आणि हा पर्याय नसेल तर हाताने करता येते, पण क्रम पाळा. आधी राउटरचा लॅन पत्ता ओएनटीच्या पट्ट्यातला पण वाटपाबाहेरचा द्या. म्हणजे ओएनटी `192.168.1.2` ते `192.168.1.200` वाटत असेल तर राउटरला `192.168.1.250`. मग नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून पत्ते वाटणारा `DHCP Server` बंद करा. शेवटी ओएनटीची केबल वॅन पोर्टातून काढून लॅन पोर्टात घाला.

इथली नेहमीची चूक म्हणजे डीएचसीपी बंद करायला विसरणे. मग एका जाळ्यात पत्ते वाटणारे दोघे होतात. फोनने विचारले की जो आधी उत्तर देईल त्याचे ऐकले जाते. ओएनटीकडून पत्ता मिळालेल्या फोनवर नेट चालते. राउटरकडून मिळालेला फोन बाहेरचा रस्ता म्हणून राउटरकडेच बघत बसतो, आणि तिथे रस्ताच नसतो. 'बाबांच्या फोनवर चालते, माझ्यावर नाही, वायफाय बंद करून चालू केले की कधी कधी चालते' अशी तक्रार आली की पहिला संशय याचाच.

हा मोड कुठे कमी पडतो? मुलांच्या फोनला रात्री दहानंतर नेट बंद, एखाद्या उपकरणाची मर्यादा, घरी व्हीपीएन सर्व्हर, अशी कामे तुमच्या राउटरला करायची असतील तर नॅट त्याच्याकडेच हवे. ॲक्सेस पॉइंट झाला की ही पाने गायब होतात किंवा नावापुरती उरतात.

मधला मार्ग: ओएनटीवर डीएमझेड

ओएनटीच्या पानावर `DMZ` नावाची सोय असते. बाहेरून आलेले आणि नोंदीत नसलेले सगळे एका ठरलेल्या पत्त्याकडे ढकलायचे, असा त्याचा अर्थ. तिथे तुमच्या राउटरचा वॅन पत्ता द्यायचा. आधी मात्र ओएनटीत तो पत्ता राउटरच्या मॅक पत्त्याशी, म्हणजे कारखान्यातूनच आलेल्या त्याच्या ओळख क्रमांकाशी, बांधून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर राउटरला `192.168.1.5` ऐवजी `192.168.1.7` मिळेल आणि डीएमझेड भलत्याच उपकरणाकडे उघडे पडेल. त्या जागी लॅपटॉप आला तर तो थेट इंटरनेटसमोर उभा राहील.

नॅट दोन राहतातच, पण बाहेरचा वॉचमन आता कोणालाही अडवत नाही. डीव्हीआर आणि बहुतेक कन्सोल यावर चालतात. आपोआप पोर्ट उघडणारे यूपीएनपी मात्र काही राउटरांवर तरीही नकार देते, कारण वॅनवर खाजगी पत्ता दिसला की ते पोर्ट उघडतच नाही. अशा वेळी कन्सोलचे पोर्ट हाताने फॉरवर्ड करा. ब्रिज मोड कंपनी देत नसेल तर यावर वर्षानुवर्षे काम चालते.

ब्रिज मोड: आधी काय गोळा करायचे

ब्रिज मोडमध्ये ओएनटी फायबरचा सिग्नल लॅन पोर्टवर काढून देतो आणि थांबतो. लॉगिन, पत्ते आणि नॅट तुमच्या राउटरकडे येते. कागदावर हे एका ड्रॉपडाउनचे काम आहे. फसते ते तयारीशिवाय तो ड्रॉपडाउन बदलला तर.

बरीच कनेक्शन पीपीपीओई पद्धतीची असतात, म्हणजे नेट सुरू होण्याआधी युजरनेम आणि पासवर्डने लॉगिन होते. ते दोन्ही आत्ता ओएनटीत साठवलेले आहेत. युजरनेम पानावर दिसतो, पासवर्डच्या जागी ठिपके. `Route` चे `Bridge` करून सेव्ह केले की अनेक ओएनटी ती जुनी नोंद पुसून टाकतात. पासवर्ड तुमच्याकडे नसेल तर पुढे जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही. म्हणून पासवर्ड हातात आल्याशिवाय काहीही बदलायचे नाही. कस्टमर केअरला सांगून तो रीसेट करून घेता येतो. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा, हे फोनवर स्पष्ट बोला. पलीकडचा माणूस हमखास वायफायचाच सांगतो.

दुसरी गोष्ट व्हीलॅन क्रमांक. कंपनी एकाच फायबरवरून नेट, लँडलाइन आणि कधी टीव्ही पाठवते, आणि प्रत्येकाला वेगळा क्रमांक देते. ओएनटीच्या `WAN` पानावर तो `VLAN ID` म्हणून दिसतो. प्रत्येक शहरात, कधी प्रत्येक एक्स्चेंजला तो वेगळा असतो, म्हणून दुसऱ्याने सांगितलेला आकडा वापरू नका. स्वतःच्या पानावरचा वाचा.

त्या पानावर एकाहून जास्त नोंदी दिसतील. `INTERNET` असलेली नेटची, `VOIP` किंवा `VOICE` असलेली लँडलाइनची, आणि `TR069` असलेली कंपनीला दुरून डबा सांभाळता यावा म्हणून. तुम्हाला फक्त पहिलीला हात लावायचा आहे. प्रत्येक नोंद उघडून फोनवर फोटो काढा, वरपासून खालपर्यंत. `Backup` ची सोय असेल तर सेटिंगची फाइलही लॅपटॉपवर उतरवून ठेवा.

डब्याच्या मागचे रीसेटचे बारीक भोक मात्र विसरून जा. पिन घालून दहा सेकंद दाबली की फक्त वायफायचा पासवर्ड जातो असे लोकांना वाटते. त्याबरोबर पीपीपीओई, व्हीलॅन, लँडलाइनची नोंद आणि काही ठिकाणी फायबरवर ओळख पटवणारा संकेतही जातो. मग लाइनमन येईपर्यंत घरात काहीच चालत नाही.

प्रत्यक्ष बदल

लॅपटॉप केबलने ओएनटीच्या दुसऱ्या लॅन पोर्टला जोडा, वायफायवरून हे करू नका. `INTERNET` ची नोंद उघडा. `Route` किंवा `Routing` च्या जागी `Bridge` निवडा. व्हीलॅन क्रमांक जुनाच ठेवा. खाली `Port Binding` किंवा `LAN Binding` असे चौकोन असतात, त्यात फक्त `LAN1` ला टिक करा. सेव्ह करा. मग ओएनटीचे वायफाय बंद करा. ते चालू राहिले तर कोणाचा तरी फोन सवयीने त्यालाच चिकटेल आणि 'वायफाय आहे पण नेट नाही' असे ओरडेल.

आता `LAN1` मधून केबल राउटरच्या वॅन पोर्टात. राउटरमध्ये कनेक्शनचा प्रकार `PPPoE` करा, युजरनेम-पासवर्ड टाका, एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल लांबी, `1492` ठेवा. इथरनेटवर एका पाकिटात १५०० बाइट मावतात, त्यातले ८ पीपीपीओई स्वतःसाठी घेते, म्हणून हा आकडा.

आता दोन्ही डबे बंद करून दहा-पंधरा मिनिटे तसेच राहू द्या. अनेक कंपन्या एका युजरनेमवर एकच लॉगिन देतात. ओएनटीचे जुने लॉगिन त्यांच्या सर्व्हरवर अजून चालू दिसत असेल तर तुमच्या राउटरला ते दार उघडत नाहीत. पासवर्ड बरोबर असूनही 'चुकीचा' म्हणतात. लोक इथेच घाबरून सगळे उलटेपालटे करतात. मग आधी ओएनटी चालू करा, फायबर जोडला गेल्याचे दाखवणारा `PON` चा दिवा स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबा, आणि नंतर राउटर.

लागले नाही तर राउटरचा लॉग वाचा

लॉगमध्ये `PADO` ची, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरच्या पहिल्या उत्तराची, वाट पाहून थकल्याचा किंवा सर्व्हरने प्रतिसाद न दिल्याचा उल्लेख असेल तर तुमची हाकच पलीकडे पोचत नाही. पासवर्डचा इथे संबंध नाही. केबल `LAN1` ऐवजी दुसऱ्या पोर्टात आहे, बाइंडिंगची टिक राहिली आहे किंवा व्हीलॅन चुकला आहे. व्हीलॅनच्या बाबतीत बहुतेक ओएनटी क्रमांक स्वतः लावतात आणि काढतात, त्यामुळे राउटरवर तो टाकायचा नसतो. दोन्हीकडे टाकला की पाकिटावर दोन शिक्के बसतात आणि काही चालत नाही. ओएनटीवर लावलेला असेल तर राउटरवरचा काढून बघा. ओएनटी शिक्का न काढता सगळे जसेच्या तसे सोडत असेल तरच तो राउटरवर द्या.

लॉगमध्ये `authentication failed` असेल तर ती चांगली बातमी. रस्ता बरोबर आहे, अडले आहे ते युजरनेम, पासवर्ड किंवा जुन्या लॉगिनवर. युजरनेममध्ये `@` नंतरचा भागही टाकायचा असतो, तो अनेकदा राहतो.

स्थानिक केबलवाल्याच्या कनेक्शनवर तिसरी अडचण येते. तो मॅक पत्ता नोंदवून ठेवतो आणि दुसऱ्या डब्याला नेट देत नाही. त्याला फोन करून नवा मॅक नोंदवायला सांगा, किंवा राउटरच्या `MAC Clone` मध्ये ओएनटीच्या वॅनचा मॅक टाका. पीपीपीओई नसलेल्या कनेक्शनवर राउटर `Dynamic IP` वर ठेवायचा असतो, आणि तिथे ही अडचण जास्त येते.

लागले, पण काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, असे झाले तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एमटीयू तपासा:

```
ping -4 -f -l 1464 1.1.1.1
```

उत्तर आले तर `1492` ठीक आहे, कारण १४६४ मध्ये शीर्षकाचे २८ बाइट मिळवले की १४९२ होतात. `Packet needs to be fragmented` आले तर १४६४ चा आकडा दहा-दहाने कमी करत जा. ज्या आकड्याला उत्तर येईल त्यात २८ मिळवून तो एमटीयू राउटरला द्या.

शेवटी पुन्हा `tracert`. आता दुसऱ्या ओळीत `192.168.1.1` दिसायला नको. ओएनटीचे पान राउटरमागून उघडणार नाही, ते साहजिक आहे. कधी गरज पडली तर लॅपटॉप थेट ओएनटीच्या दुसऱ्या पोर्टला लावा आणि लॅपटॉपला हाताने `192.168.1.10` हा पत्ता द्या.

आतापर्यंत पुढचा मारा ओएनटी झेलत होता, आता तुमचा राउटर थेट बाहेर आहे. त्याचा ॲडमिन पासवर्ड बदला, फर्मवेअर ताजे करा, आणि `Remote Management` बंद आहे ना ते बघा.

एक घर, तीन तक्रारी

सगळे कसे बसते ते एका नेहमीच्या मांडणीवर पाहू. दाराजवळ ओएनटी, त्याला लँडलाइन. हॉलमध्ये राउटर, त्यावर डीव्हीआर आणि कन्सोल. प्रिंटर जुन्या सवयीने ओएनटीच्या वायफायवर. राउटरचा वॅन पत्ता `192.168.1.5`, ओएनटीचा `100.72.14.9`. प्रिंटर राउटरच्या वायफायवर आणला की पहिली तक्रार पाच मिनिटांत संपली. ब्रिज केल्यावर राउटरचा वॅन पत्ता `100.72` ने सुरू होणारा झाला, कन्सोलचा `Double NAT` हा शब्द गेला, पण कंपनीचे नॅट असल्याने `Open` येईलच असे नाही. डीव्हीआर बाहेरून उघडत नव्हता, तो अजूनही उघडणार नाही. तो स्टॅटिक आयपीनंतरच उघडेल. या घरात मालकाला फक्त डीव्हीआर हवा असता तर ब्रिज मोड व्यर्थ होता. आधी स्टॅटिक आयपी, मग ओएनटीवर डीएमझेड, एवढ्यावर भागले असते.

दुरुस्त झालेले परत का बिघडते

कंपनी दुरून ओएनटीचे फर्मवेअर बदलते, किंवा लाइनमन तक्रारीवर डबा रीसेट करतो, आणि ओएनटी पुन्हा `Route` वर येतो. तुमचा राउटर `Auto Detect` वर असेल तर तो मुकाट्याने ओएनटीकडून पत्ता घेतो. नेट चालूच राहते आणि डबल नॅट परत आले हे महिनाभर कळत नाही. म्हणून राउटर `Auto` वर ठेवू नका, `PPPoE` वरच पक्का ठेवा. मग ब्रिज उडाला की नेट सरळ बंद पडेल आणि कारण त्याच दिवशी कळेल.

कुठे थांबायचे

`LOS` चा दिवा लाल असेल तर सेटिंगचा प्रश्न नाही, फायबरचा आहे. वायर उपटू नका, हिरव्या टोकाचे कनेक्टर पुसू नका, त्यात डोळा लावून तर अजिबात बघू नका. तक्रार नोंदवा.

ओएनटीच्या मागे छापलेल्या युजरनेमने आत गेल्यावर `WAN` चे पान दिसत नसेल किंवा `Bridge` फिकट असेल तर ते कंपनीने बंद ठेवले आहे. इंटरनेटवर सापडलेले सुपर ॲडमिन पासवर्ड टाकत बसू नका. डबा कंपनीचा आहे, आणि काही ओएनटी सलग चुकीच्या प्रयत्नांनंतर दारच लावून घेतात. काही कंपन्या ब्रिज मोड देतच नाहीत. तसे असेल तर डीएमझेड किंवा ॲक्सेस पॉइंट. ब्रिजनंतर लँडलाइनचा टोन गेला आणि फोटोतली `VOIP` ची नोंद आता पानावर दिसत नसेल, तर तीही कंपनीच परत घालू शकते. तिचा पासवर्ड तुम्हाला कोणी देणार नाही.

बोलावताना 'नेट चालत नाही' एवढेच सांगितले तर येणारा माणूस वायफाय बघून जाईल. असे सांगा: "ओएनटी ब्रिजला टाकायचाय, फक्त लॅन वनवर. लँडलाइनची नोंद तशीच ठेवा. पीपीपीओईचा युजरनेम आणि पासवर्ड मला द्या, वायफायचा नको. व्हीलॅन ओएनटीवरच लागणार की माझ्या राउटरवर, तेही सांगा." तो दारात असतानाच `tracert` चालवा आणि लँडलाइनवरून एक फोन लावून बघा. मगच कामाचा ओटीपी सांगा, कारण तो सांगितला की तक्रार बंद झाल्याची नोंद होते.